टीव्हीच्या कानाला मराठी कळू द्या

टीव्हीतल्या आवाजी मदतनिसाची भाषा ठरवणाऱ्या कंपन्यांच्या अधिकारी मंडळींस,

रिमोटवरचे माइकचे बटण दाबून टीव्हीला काम सांगायचे, तर मराठी घरातल्या माणसाला आधी सेटिंगमध्ये जाऊन भाषा निवडावी लागते. फोनवर गूगलचा मदतनीस काही वर्षांपासून मराठी ऐकतो. टीव्हीवर मात्र भारतीय भाषांपैकी जागा मिळाली ती मुख्यतः हिंदीला. अ‍ॅमेझॉनची अलेक्सा सप्टेंबर २०१९ पासून भारतात हिंदी समजते. मराठी तिच्या भाषांच्या यादीत आलेली नाही. त्यामुळे ‘मराठी निवडू की हिंदी?’ हा प्रश्न घेऊन दुकानात किंवा सेटिंगच्या पडद्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाची निवड प्रत्यक्षात हिंदी की भारतीय इंग्रजी, एवढीच उरते. या पत्रात मला तुमच्याशी त्या निवडीबद्दल बोलायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : हिंदीवर ठेवलेला टीव्ही मराठी घरातले हुकूम बऱ्यापैकी पाळतो, पण मराठी नावांपाशी अडखळतो; आणि माणसे माइकचे बटण दाबतात ती मुख्यतः नाव सांगण्यासाठीच. आवाज कमी-जास्त करायला रिमोटवर बटण असतेच. ‘अशी ही बनवाबनवी’ हे नाव पडद्यावरच्या कळफलकावर एकेक अक्षर हेरून, बाणांनी सरकत टंकायचे म्हणजे जो त्रास होतो, त्यातून सुटका म्हणून तर आवाजाची सोय आली.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा, कारण तुमच्या खोक्यांवरच्या भाषांच्या यादीमुळे तो वाढतो. टीव्हीत ‘भाषा’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पडद्यावरचे मेनू कोणत्या भाषेत दिसतात, ही पहिली. अँड्रॉइडवर चालणाऱ्या बऱ्याच संचांत ही भाषा मराठी करता येते. मग ‘सेटिंग्ज’, ‘ध्वनी’, ‘चित्र’ सगळे मराठीत दिसू लागते. मदतनीस कोणत्या भाषेत ऐकतो, ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे ज्या सूचीत तो शोध घेतो, तिच्यातली चित्रपट-मालिकांची नावे कोणत्या भाषेत आणि लिपीत नोंदलेली आहेत. ग्राहक पहिली बदलतो आणि दुसरीही तिच्याबरोबर बदलली असेल असे धरून चालतो. बऱ्याच संचांत मदतनिसाची भाषा पडद्याच्या भाषेच्या मागोमाग जाते. पडद्याची भाषा त्याच्या यादीत नसेल, तर तो एक तर काम करत नाही किंवा दुसऱ्याच भाषेवर जाऊन बसतो. पडद्यावर मराठी अक्षरे आणि कान हिंदी किंवा इंग्रजी, अशी स्थिती होते. तिसऱ्या गोष्टीचा, सूचीचा, तर ग्राहकाला पत्ताही नसतो. आणि खरी मेख तिथेच आहे.

बटण दाबल्यावर काय होते ते एकदा सावकाश पाहू. तुम्हाला ते ठाऊक आहे, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांना ठाऊक असायला हवे. रिमोटमधला माइक आवाज टिपतो आणि टीव्ही तो इंटरनेटवरून तुमच्या सर्व्हरकडे पाठवतो. त्या आवाजासोबत भाषेची एक खूण जाते : हिंदीसाठी hi-IN, भारतीय इंग्रजीसाठी en-IN, मराठीसाठी mr-IN. ही खूण पाहून कोणत्या भाषेच्या कानाने ऐकायचे ते ठरते. तो कान आवाजाचे शब्द करतो. मग दुसरी पायरी : या शब्दांत हुकूम कोणता आणि नाव कोणते, हे वेगळे काढायचे. ‘सैराट लाव’ यात ‘लाव’ हा हुकूम, ‘सैराट’ हे नाव. तिसऱ्या पायरीवर ते नाव सूचीत शोधले जाते. चूक या तिन्हीपैकी कुठेही होऊ शकते, आणि कुठे झाली ते ओळखण्याची सोपी खूण आहे. तुम्ही बोललात ते शब्द टीव्ही क्षणभर पडद्यावर लिहून दाखवतो. तेच शब्द चुकीचे असतील, तर दोष ऐकण्याचा. शब्द बरोबर असून भलतेच चित्र पुढे आले, तर दोष नाव वेगळे काढण्याचा किंवा शोधण्याचा. फोनवरच्या तुमच्या अ‍ॅपमध्ये ‘काय ऐकले’ याची नोंदही साठवलेली असते. ती चार दिवस चाळली तर आपल्या घरात नेमके काय अडते, हे कुणालाही कळेल.

हिंदी कान मराठी हुकमांशी कसा वागतो? इथे दोन भाषांचे शेजारपण मदतीला येते. ‘टीव्ही बंद कर’, ‘चालू कर’, ‘आवाज कमी कर’, ‘यूट्यूब उघड’ ही वाक्ये हिंदीच्या इतकी जवळ आहेत, की हिंदी कानाला त्यांतला बराचसा मजकूर ओळखीचा लागतो. ‘बंद’, ‘चालू’, ‘आवाज’ हे शब्द दोन्हीकडे तेच; ‘कमी’ आणि ‘कम’ यांत फार अंतर नाही. मात्र हे शेजारपण सगळीकडे पुरत नाही. ‘वाढव’ हा शब्द हिंदीत नाही, तिथे ‘बढ़ाओ’. ‘थांब’ नाही, तिथे ‘रुको’. ‘पुढे घे’ नाही. ‘मागे घे’ तर आणखी अडचणीचे, कारण हिंदीत ‘माँगे’ हा चांगला रुळलेला शब्द आहे आणि त्याचा अर्थ अगदी वेगळा आहे. आकड्यांचेही तसेच. तीन, चार, सात, आठ दोन्ही भाषांत एक आहेत. ‘वीस’ आणि ‘बीस’ एकमेकांच्या जवळ आहेत. पण ‘सहा’ म्हटले की हिंदी कानाला ‘सहना’चे ‘सहा’ ऐकू येऊ शकते, ‘दहा’ला तिथे ‘दस’ आहे, आणि ‘एकोणपन्नास’ला ‘उनचास’. चॅनल क्रमांक बोलून सांगणाऱ्या माणसाला कोणते आकडे चालतात आणि कोणते चालत नाहीत याचा काही नियमच लागत नाही. (बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘पंचवीस’बरोबर ‘वीस पाच’ असे वाचन दिले, तेव्हा वाद झाला होता. तो वाद बाजूला ठेवू. पण त्या पुस्तकावर शिकलेले मूल टीव्हीला ‘वीस पाच’ म्हणू शकते, हे मराठी कान घडवणाऱ्याला ठाऊक असायला हवे.)

इथवरचे सगळे सहन करण्यासारखे आहे. दहा-पंधरा हिंदी हुकूम पाठ करणे अवघड नाही, आणि पुष्कळ घरांत ते होतेही. पण नावांशी आलो की परिस्थिती बदलते, म्हणून तिथे थोडे थांबतो.

‘अशोक सराफांचे जुने चित्रपट दाखव’ हे साधे मराठी वाक्य घ्या. हिंदीत हेच ‘अशोक सराफ की पुरानी फ़िल्में दिखाओ’ असे होईल. फरक फक्त शब्दांचा नाही. हिंदीत नाव आणि नात्याचा शब्द वेगळे राहतात : ‘अशोक सराफ’, मग ‘की’. नाव जसेच्या तसे हाती लागते. मराठीत प्रत्यय नावाला चिकटतो, आणि चिकटताना नावाचे रूपही बदलतो; आदरार्थी असेल तर अनुस्वारही येतो. ‘सराफ’चे ‘सराफांचे’ झाले. हिंदी कान ‘सराफांचे’ ऐकतो तेव्हा त्याच्या शब्दसंग्रहात हा शब्द नसतो. ‘सराफा’ मात्र असतो, कारण सोन्या-चांदीच्या बाजाराला हिंदीत सराफा म्हणतात. मग ‘सराफा’ आणि उरलेला ‘चे’चा तुकडा अशी फोड होण्याची वाट मोकळी होते. नाव मोडले की शोधही मोडला. चित्रपटांच्या नावांचे तर याहून कठीण. ‘झपाटलेला’ या चित्रपटातले गाणे हवे असेल तर मराठी माणूस ‘झपाटलेल्यातलं गाणं’ म्हणेल. ‘किल्ला’बद्दल विचारताना ‘किल्ल्याचा ट्रेलर’ म्हणेल, ‘श्वास’बद्दल ‘श्वासातला शेवटचा सीन’. मूळ नाव सूचीत ‘झपाटलेला’, ‘किल्ला’, ‘श्वास’ असे आहे. बोलण्यात मात्र त्याचे सामान्यरूप येते. जो कान मराठीचे व्याकरण धरून घडवलेला नाही, त्याला ‘किल्ल्या’पासून ‘किल्ला’पर्यंत परत जाण्याची वाट ठाऊक नसते. ही अडचण उच्चाराची नाही. अगदी स्वच्छ, सावकाश, प्रमाण मराठी बोलूनही ती तशीच राहते. म्हणून ‘जरा नीट बोला’ हा सल्ला इथे निरुपयोगी आहे.

उच्चाराची अडचण वेगळी आहे. ‘ळ’ प्रमाण हिंदीत नाही. ‘चाळ’ आणि ‘चाल’, ‘बाळ’ आणि ‘बाल’ हे भेद हिंदी कान करत नाही, कारण त्याला ते करायचे कारणच पडत नाही. ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. ‘चमचा’तले ‘च’ आणि ‘चहा’तले ‘च’ लिहिताना एक, बोलताना दोन. आता याचा सूचीवर काय परिणाम होतो तो पाहा. महेश कोठारे यांचा १९९३ चा चित्रपट रोमन लिपीत Zapatlela असा नोंदला जातो. २०२१ चा चित्रपट Jhimma असा. दोन्ही नावांची सुरुवात ‘झ’नेच. ज्यांनी ही स्पेलिंगे केली त्यांचे मराठी कान चोख होते : ‘झपाटलेला’तला ‘झ’ दंततालव्य, ‘झिम्मा’तला तालव्य, आणि दोघांनी आपापला उच्चार जमेल तसा रोमनमध्ये पकडला. पण यंत्रापुढे प्रश्न असा, की देवनागरीत ऐकलेले ‘झपाटलेला’ रोमनमध्ये नेताना सुरुवात Z ने करायची की Jh ने? ते सूचीत आगाऊ नोंदलेले नसेल, तर अंदाज उरतो. २०२२ च्या ‘वेड’चे तर आणखी बिकट. रोमनमध्ये ते Ved. ते उलट देवनागरीत आणले तर ‘वेद’. बोलणाऱ्याने ‘वेड’ म्हटले, कानाने ‘वेड’ ऐकले, आणि तरीही सूचीतले Ved यंत्राच्या हिशेबी ‘वेद’ असू शकते. ‘अशी ही बनवाबनवी’ रोमनमध्ये Banwa Banwi असे दोन शब्दांत तोडून लिहिले जाते, मराठीत तो एकच शब्द आहे. या उदाहरणांत ऐकण्याची चूक कुठेही झालेली नसेल. चूक सूचीत आहे. म्हणूनच, ऐकायला विचित्र वाटेल, पण मराठी चित्रपटाचे नुसते नाव शोधायचे असेल तर भारतीय इंग्रजीवर ठेवलेला टीव्ही हिंदीपेक्षा सरस ठरू शकतो : तो आवाजावरून थेट रोमन अक्षरे लिहितो, आणि सूचीही रोमनमध्येच असते.

आणखी एक उदाहरण असे आहे, ज्यात ऐकणे बरोबर, शब्द बरोबर, आणि तरीही उत्तर चुकीचे येऊ शकते. ‘झिंगाट लाव.’ २०१६ च्या ‘सैराट’मधले हे गाणे. २०१८ मध्ये ‘धडक’ हा त्याचा हिंदी अवतार आला, आणि त्यातही ‘झिंगाट’ आहे, त्याच अजय-अतुल यांच्या संगीतात, हिंदी शब्दांत. दोन्ही गाण्यांचे नाव एक, चालही एक. मदतनिसाची भाषा हिंदी असेल तर दोघांतून निवड करताना तो हिंदीकडे झुकावा, हे यंत्राच्या हिशेबाने रास्तच आहे. पण विचारणारे घर मराठी आहे, त्याला मराठी गाणे हवे आहे, आणि आपली मराठी कळवण्याची कुठलीही जागा तुम्ही त्याला ठेवलेली नाही. भाषेची सेटिंग फक्त कानाची नसते, ती आवडीची खूणही असते. हिंदी निवडायला लावून तुम्ही त्या घराबद्दल एक चुकीची गोष्ट गृहीत धरता, आणि मग तीच गोष्ट शिफारशींपर्यंत जाऊ शकते.

आता तुमच्या बाजूने येणाऱ्या आक्षेपांकडे वळतो; ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप नेहमीचा : महाराष्ट्रात हिंदी सगळ्यांना येते. येते हे बऱ्याच अंशी खरे, पण कोणाला आणि किती, हे पाहायला हवे. ज्याला हिंदी सफाईने येते तो पडद्यावरचा कळफलकही वापरू शकतो, इंग्रजीतही शोधू शकतो. आवाजाची सोय ज्यांना सगळ्यांत जास्त हवी, ती म्हणजे नजर कमी झालेली वयस्क माणसे, लिहा-वाचायला न शिकलेली, आणि अजून अक्षरओळख न झालेली मुले. त्यांच्यापैकी पुष्कळांची घरातली बोलण्याची भाषा फक्त मराठी असते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, हिंदी आणि बंगालीनंतर देशात तिसरे. इतक्या माणसांना ‘तुम्हाला हिंदी येतेच’ म्हणून गप्प बसवणे न्यायाचे नाही. आणि वर पाहिले तसे, हिंदी येऊनही ‘किल्ल्याचा’ हा प्रश्न सुटतच नाही. उत्तम हिंदी बोलणारा मराठी माणूससुद्धा आपल्या चित्रपटांची नावे मराठीतच उच्चारणार.

दुसरा आक्षेप असा, की मराठी एक नाही. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, कोल्हापुरी, किती ऐकायच्या? मराठीच्या बोली वेगळ्या आहेत हे खरेच, आणि प्रमाण मराठीवर घडवलेला कान अहिराणी बोलणाऱ्याला निराश करील हेही खरे. पण हिंदीच्या छत्राखाली भोजपुरी, अवधी, बुंदेलखंडी बोलणारी माणसे आहेत, म्हणून हिंदी आणायचे तुम्ही थांबवले नाही. शिवाय टीव्हीच्या हुकमांचा संसार छोटा आहे. चालू, बंद, वाढव, कमी, थांब, पुढे, मागे, लाव, शोध, दाखव, घरी जा, आकडे, आणि पाच-सहा अ‍ॅपची नावे, एवढ्यात बहुतेक काम होते. यातल्या प्रत्येकाची चार-पाच बोलीरूपे नोंदवणे अशक्य काम नाही : ‘लाव’, ‘लाव ना’, ‘लावा’, ‘लावजो’, ‘सुरू कर’, ‘चालू कर’. आज्ञार्थाबरोबर ‘लावशील का’ हा विनंतीचा प्रश्नही घ्यायला हवा, कारण मराठी घरांत तो सर्रास वापरतात आणि तो ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मागत नसतो.

तिसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि मला तो सगळ्यांत गंभीर वाटतो. मराठी घरांत मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच तासात बोलली जाते. तिन्ही भाषा एकदम ऐकायच्या तर कोणत्या कानावर विश्वास ठेवायचा? गूगलने २०१८ मध्ये दोन भाषा एकाच वेळी ऐकणारा मदतनीस आणला, तेव्हा पद्धत अशी सांगितली होती, की दोन्ही भाषांचे कान एकदम चालतात, तिसरी यंत्रणा भाषा ओळखते, आणि मग एक निकाल स्वीकारला जातो. पुढच्याच वर्षी हिंदीही त्यात आली. इंग्रजी आणि हिंदी एकमेकींपासून दूर असल्याने ही ओळख सोपी जाते. मराठी आणि हिंदी मात्र इतक्या जवळ आहेत, की दीड-दोन सेकंदांच्या ‘टीव्ही बंद कर’ वरून भाषा ओळखणे माणसालाही जमणार नाही. पण जरा विचार केला तर दिसेल, की जिथे दोन भाषा इतक्या सारख्या आहेत, तिथे अर्थही बहुधा सारखाच आहे. ‘बंद कर’ मराठी समजून ऐकले काय किंवा हिंदी समजून ऐकले काय, टीव्ही बंदच व्हायचा आहे. घोटाळा होईल तो ‘मागे’, ‘सहा’ अशा मोजक्या फसव्या जोड्यांत, आणि त्यांची यादी करता येते. संदर्भही मदत करतो : चित्रपट सुरू असताना ‘मागे’ म्हटले तर ते मागे घेण्यासाठीच. लांब वाक्यांत, जिथे नाव आणि प्रत्यय येतात, तिथे मराठी ओळखायला ‘-चा’, ‘-तला’ अशा खुणा भरपूर असतात. म्हणजे भाषांचे शेजारपण जिथे नडते तिथे फारसे बिघडत नाही, आणि जिथे बिघडू शकते तिथे ते पुरेसे उरत नाही.

चौथे म्हणणे खर्चाचे : मराठी कान घडवायला आवाजांचा साठा कुठून आणायचा? इथे मला तुमच्यापैकी काही कंपन्यांना त्यांचेच काम दाखवावेसे वाटते. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांत आवाजाने टंकायची सोय फोनवर आणली. फोनवरच्या मदतनिसाला मराठी आली. कंपनीची आवाजाचे शब्द करून देणारी व्यापारी सेवाही mr-IN ही खूण स्वीकारते. म्हणजे कान आहे. तो टीव्हीला लावलेला नाही. बाहेरही साठा आहे : मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी आहे, आणि मद्रासच्या आयआयटीतल्या एआय-फोर-भारत या गटाने मराठीसह अनेक भारतीय भाषांचे आवाज व ओळखयंत्रे खुली केली आहेत. हा साठा पुरेसा आहे असे मी म्हणत नाही. त्यात वाचून दाखवलेल्या वाक्यांचा भरणा मोठा, आणि घरातल्या माणसाचे अर्धवट, घाईचे, मागे मिक्सर चालू असतानाचे बोलणे कमी. पण रिमोटचा माइक तोंडाजवळ असतो आणि बटण दाबल्यावरच ऐकतो. खोलीच्या कोपऱ्यातून ऐकणाऱ्या स्पीकरपेक्षा त्याचे काम बरेच सोपे आहे. सुरुवात रिमोटपासून करायला हे कारण पुरेसे आहे.

शेवटचा आक्षेप हल्ली नवीन आहे : मोठ्या भाषा-प्रारूपांवर चालणारे संवादी मदतनीस फोनवर मराठी बोलू लागले आहेत, ते टीव्हीवर आले की सगळे आपोआप सुटेल, तोवर थांबा. त्यांच्यामुळे ‘किल्ल्याचा’पासून ‘किल्ला’पर्यंतची वाट सोपी होईल हे मी मान्य करतो; प्रत्यय उलगडण्यात ही यंत्रे जुन्यांपेक्षा खूप चांगली आहेत. पण सूचीत ‘वेड’ फक्त Ved म्हणून नोंदलेला असेल, आणि मराठी ‘झिंगाट’वर ‘मराठी’ अशी भाषेची खूण नीट लावलेली नसेल, तर कितीही हुशार कान तिथे अंदाजच करणार. आणि आवाज वीसवर आणायला संवादी मदतनीस लागत नाही.

तेव्हा माझी मागणी मराठीचा एक नवा ठप्पा खोक्यावर छापण्याची नाही. तो ठप्पा आजही काही ठिकाणी असतो, आणि त्याचा अर्थ फक्त मेनू मराठीत दिसतात एवढाच असतो. म्हणून खोक्यावर ‘मराठी’ लिहायचे असेल तर ‘पडद्यावर’ की ‘ऐकण्यात’ हे स्पष्ट लिहा. पडद्याची भाषा आणि ऐकण्याची भाषा या दोन वेगळ्या सेटिंग करा, आणि ऐकण्यात हिंदी-इंग्रजीच्या जोडीसारखीच मराठी-इंग्रजीची आणि मराठी-हिंदीची जोडी निवडू द्या. आवडीच्या आशयाची भाषा विचारायची असेल तर ती तिसरी, स्वतंत्र विचारा. आणि सूचीत प्रत्येक मराठी शीर्षकासोबत देवनागरी नाव, त्याचे सामान्यरूप आणि एक-दोन पर्यायी रोमन स्पेलिंगे ठेवा. हे शेवटचे काम एकट्या तुमचे नाही. मराठी निर्माते आणि वाहिन्या चित्रपट वा मालिका तुमच्याकडे सोपवताना तिचे नाव रोमनमध्येच देत असतील, तर त्यांनाही हे सांगायला हवे. शीर्षकाच्या रकान्याखाली ‘देवनागरीत नाव’ हा सक्तीचा रकाना जोडला, तर ते सांगणे आपोआप होईल.

हे होईपर्यंत मराठी घरांनी काय करावे, याचे उत्तरही तुमच्या मदतपृष्ठांवर साध्या शब्दांत असायला हवे, कारण आज ते ज्याचे त्याला चाचपडत शोधावे लागते. नुसते हुकूम द्यायचे असतील तर हिंदी बरी. मराठी चित्रपटांची नावेच जास्त शोधायची असतील तर भारतीय इंग्रजी करून पाहावी, आणि नाव प्रत्ययाविना सांगावे : ‘किल्ल्याचा ट्रेलर’ न म्हणता ‘किल्ला ट्रेलर’. हिंदी-इंग्रजी जोडीची सोय संचात असेल तर ती घ्यावी. आणि मराठीतच बोलून शोधायचे असेल तर फोनवर टीव्हीचे रिमोट-अ‍ॅप घ्यावे, टीव्हीवर शोधाची चौकट उघडावी, फोनचा कळफलक मराठीवर ठेवून त्यातला माइक वापरावा; फोनचा मराठी कान मग टीव्हीसाठी काम करतो. यूट्यूबवर हे चांगले चालते, कारण तिथल्या अनेक मराठी चित्रफितींची नावे देवनागरीत असतात. पैसे भरून पाहायच्या अ‍ॅपमध्ये देवनागरीत काही सापडले नाही तर रोमनमध्ये शोधावे.

तुमच्या चाचणीसाठी वाक्ये हवी असतील तर ही घ्या, आणि पुणे, नागपूर, मालवण, जळगाव, परभणी अशा गावांतल्या वयस्कांकडून आणि शाळकरी मुलांकडून ती म्हणवून घ्या : ‘आवाज दहावर आण’, ‘मागे घे’, ‘झपाटलेल्यातलं गाणं लाव’, ‘किल्ल्याचा ट्रेलर दाखव’, ‘अशोक सराफांचे जुने चित्रपट शोध’, ‘वेड लावशील का’, ‘सैराटमधलं झिंगाट, मराठी’. पडद्यावर उमटलेले शब्द आणि पुढे आलेले चित्र, दोन्ही वेगवेगळे लिहून ठेवा.

कळावे,
एक मराठी प्रेक्षक